नऊ जणींचा एकच मेलेला आज्जा

"आवो सर, माझा आज्जा जित्ता हाय. परवाच वैरागच्या बाजारात शेरडू घेतलंय त्येनं. अन् तुमी ह्या मेलमदी त्येला मारून ठेवलाय की!"

युवराज सर हसले. भवानी पेठेत, चादरीच्या दुकानावरच्या माडीवर त्यांचा क्लास चालायचा. मुलाखत, इंग्रजी आणि नोकरीचा अर्ज, असं तिन्ही एकाच बोर्डावर रंगवलेलं.

"मेला म्हटल्यानं कोण मरतंय का, वैजयंती? इमोशन पाहिजे. तिकडं पुण्यात एचआरवाल्यांकडं मेलचा ढीग पडलेला असतो. आपला वाचून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे."

"मग आज्जाच कशाला?"

"आजोबा सेफ असतात. आईबाप मेले म्हटलं की लोकं पुढचं विचारतात. आजोबाला कोण विचारतंय?"

बाकावरच्या पोरी खुदकन हसल्या. वैजयंती नाही हसली. पण गप बसली, आणि तिथंच घोळ झाला.

वैजयंती वैरागची. शेतकऱ्याच्या घरातली, सात-आठ वर्षं सोलापुरात डायलिसिस टेक्निशियन. ज्याची किडनी थकलीय त्याचं रक्त चार तास मशीनमधून फिरवून साफ करायचं, हे तिचं काम. सुई लावायची, वजन करायचं, अंगात साचलेलं पाणी किती काढायचं ते मशीनला सांगायचं, आणि चार तास माणसावर नजर ठेवायची. हातानं तिखट आणि तोंडानंही तिखट. पेशंटनं सांगितल्यापेक्षा जास्त पाणी पिऊन आलेलं तिला वजनाच्या काट्यावर कळायचं, आणि मग ती जे बोलायची ते शेजारच्या बेडवरच्यानंही निमूट ऐकून घ्यायचं.

तर ह्या बाईला नोकरी बदलायची पाळी आली. ती ज्या लहानशा हॉस्पिटलात होती तिथल्या मालक डॉक्टरांनी डायलिसिसचा वॉर्ड दिवाळीनंतर बंद करायचं ठरवलं. पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलाची जाहिरात निघाली होती. तीच जागा, तेच काम, राहायची सोय. अर्ज ईमेलनं, इंग्रजीतून. हे जमलं नसतं तर वैरागला जाऊन शेतातलं तण काढत भांगलायला बसायचं, एवढाच दुसरा रस्ता.

तिनं आपल्या हातानं सहा-सात ओळी लिहून नेल्या होत्या. माय नेम इज वैजयंती. आय वर्क ऑन डायलिसिस मशीन इन सोलापूर. माय वॉर्ड इज क्लोजिंग, सो आय निड वर्क. सरांनी त्यावर लाल पेनानं एक आडवी रेघ मारली.

"हे काय दुकानाची पाटी आहे का? आय निड वर्क म्हणे! भिकाऱ्यागत वाटतं. इंग्रजीचा एक दर्जा असतो."

आणि त्यांनी दर्जाचं इंग्रजी तिच्या मोबाईलवर पाठवून दिलं. व्हेन आय वॉज ओन्ली टेन, माय बिलव्हेड ग्रँडफादर लेफ्ट फॉर हिज हेवनली अबोड ड्यू टू रीनल फेल्युअर. म्हणजे मी दहा वर्षांची असताना माझे लाडके आजोबा किडनीनं स्वर्गवासी झाले. मग त्यांचा हात हातात धरून मी घेतलेली शपथ. मग मी मेहनती, प्रामाणिक, पॅशनेट आणि डायनॅमिक. शेवटी काईंडली डू द नीडफुल, आणि त्याखाली आपली आज्ञाधारक.

डायनॅमिक म्हणजे काय, हे वैजयंतीला विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. तरी तिनं पाठवला. का, तर माणसाला एकदा पटवून दिलं की तुझी बोली गावंढळ आहे आणि तुझं इंग्रजी त्याहून गावंढळ आहे, की मग तो स्वतःच्या तोंडातला शब्दसुद्धा परवानगी मागून काढतो. हे पटवून द्यायचा धंदा आपल्याकडं जोरात आहे. त्याला बोर्ड रंगवावा लागतो आणि माडी लागते, बस.

उत्तर आलं ते एका दुपारी, वॉर्डात. पाच बेड भरलेले, मशीनं चालू. वैजयंतीनं हातातले मोजे काढून मोबाईल उघडला. मेल तिला एकटीला नव्हता. वर नऊ पत्ते ओळीनं, सगळे क्लासच्या पोरींचे. खाली चारच ओळी. आमच्याकडं तुमच्या नऊ जणींचे अर्ज आले आहेत. नऊ अर्जांत एकच आजोबा, एकाच आजारानं, एकाच वाक्यात वारले आहेत. तुमच्या ह्या सामायिक आजोबांच्या निधनाबद्दल आम्हाला दुःख आहे. असे अर्ज पुन्हा पाठवू नयेत. खाली एका बाईचं नाव, एचआर विभाग.

वैजयंतीला लाज वाटली, आणि लाजेच्या पाठोपाठ राग आला. पण राग कुणाचा करावा ते ठरेना.

संध्याकाळी ती तडक माडी चढली.

"सर, हे बघितलासा? नऊ जणींस्नी एकच आज्जा दिलासा तुमी?"

सरांनी मोबाईल लांब धरून वाचलं. तोंडावरची माशी हलली नाही. "तुम्ही जरा बदलायचं होतं ना! कुणी आजी घालायची, कुणी मामा घालायचा. मी फॉर्मॅट देतो. फॉर्मॅट म्हणजे साचा. त्यात माती आपापली घालायची असते."

"मी माझी माती आणली व्हती की. तुमी त्येच्यावर रेघ मारलीसा."

"हे बघ, आवाज खाली. दुसऱ्या हॉस्पिटलला पाठवू आपण. साचा नवीन देतो. ह्या खेपेला आई आजारी."

"माझ्या आईचं नाव जरी त्वांडातनं काढलंसा तर बगा!" वैजयंती म्हणाली, आणि जिना उतरली.

जिन्याच्या तळाशी ऋतुजा उभी होती. क्लासमधलीच, दुसऱ्या एका हॉस्पिटलात तेच काम करणारी. तिचे डोळे सुजलेले.

"रडतीस कशाला गं? गेला तर गेला अर्ज. आपुन नऊ जणी हाव."

"तुमचं ठीक हाय, ताई," ऋतुजा म्हणाली. "तुमचा आज्जा जित्ता हाय. त्यो मेलमदला आज्जा माझा हाय."

वैजयंतीला आधी कळलंच नाही.

"मी पयल्यांदा क्लासला आले तवा लिवला व्हता, माज्या हातानं. आज्जा खरंच किडनीनं गेला माजा. मी धा वर्साची व्हते. त्येचा हात सुजून असा मऊ झालता, बोट दाबलं की खड्डा पडायचा. मी दाबून बघत बसायची, मला खेळ वाटायचा. सरांनी वाचलं, म्हनले लई भारी. खड्ड्याचं काढलं, हेवनली अबोड घातलं. अन् मग सगळ्यांस्नी वाटलं. मला काय म्हाईत? मला वाटलं आपलं आपल्यापाशीच हाय."

म्हणजे नऊ जणींत एकच खरी होती आणि तीही खोटी ठरली. वर तिच्या मेलेल्या आज्जावर विनोद करून मेल आलेला, आठ जणींच्या देखत. वैजयंती म्हणाली, "थांब." दोघी बसस्टॉपपर्यंत बरोबर चालत गेल्या.

रविवारी ती वैरागला गेली आणि दारात पाय धुतानाच तिनं रावजी आज्जाला सगळं सांगून टाकलं. मनात ठेवायची तिला सवय नाही. रावजी शेरडाला पाला टाकत होता. ऐकून त्यानं पाल्याची पेंढी खाली ठेवली.

"कशानं मारलंस म्हनलीस?"

"किडनीनं."

"किडनीनं?" म्हातारा भडकला. "आगं, महिनोन् महिने सुया टोचून घेत पडायला मी काय पाप केलंय? मारायचंच व्हतं तर हार्टानं मारायचं. चावडीवर बसल्या बसल्या गेलो आसतो, लोकांनी नाव तरी घेतलं आसतं. अन् बाराव्याला काय केलंसा? लाडू का लापशी?"

आतून आज्जी केराबाई ओरडली, "खोटी बातमी आली की आयुष्य वाढतंय मानसाचं."

"मग नऊ पोरींनी मारलंय मला. आता काय मी मरत न्हाय. तुमचं वाटोळंच की!"

वैजयंती हसून हसून पायरीवर बसली. पण परतीच्या एसटीत ते हसू जिरलं. ऋतुजाचं ते बोट दाबून बघणं डोक्यातून जाईना.

तिनं ठरवलं, त्याच बाईला पुन्हा लिहायचं. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत बसली. आधी मोबाईलवरच्या ॲपला मराठीत सांगितलं, माझ्यासाठी इंग्रजीतून अर्ज लिही. पापणी लवायच्या आत लिहून आलं. आय एम डीपली पॅशनेट अबाउट पेशंट केअर. वाचून तिनं मोबाईल टेबलावर आपटला.

"ह्यो बी युवराज सरचाच भाऊ!"

समोर दीक्षा डबा खात होती. दुपारची पाळी दीक्षाची. बुद्धवाड्यातली, बारीक अंगाची, वैजयंतीहून धाकटी आणि तिला न भिणारी वॉर्डातली एकमेव व्यक्ती.

"तुला इंग्रजी येत नाही म्हणून रडतीस?" दीक्षा म्हणाली. "मग रोज पाळी बदलताना मला काय देतीस? पेढे?"

"काय देते?"

"आत्ता देशील बघ. दे, पाळी दे."

पाळी देणं म्हणजे जाणाऱ्यानं येणाऱ्याला एकेका बेडजवळ उभं राहून पेशंटचं सांगायचं. वैजयंती उठली आणि रोजच्यासारखी धडाधडा सुरू झाली. बेड टू, वेट गेन थ्री केजी, हिअर्स नॉट वन वर्ड. बेड थ्री, वीरभद्रप्पा, थर्ड अवर बीपी फॉल्स, गो स्लो. बेड फोर, न्यू फिस्च्युला, डोन्ट लेट एनीवन टेक बीपी ऑन दॅट हँड. फिस्च्युला म्हणजे सुई लावायला हातात ऑपरेशननं जोडून घेतलेली शीर.

"हे काय तेलुगू हाय का?" दीक्षानं विचारलं. "ह्यात एक तरी पॅशनेट हाय का? मला तुझं कधी कळलं नाही असं झालंय?"

हे इंग्रजी वैजयंतीच्या रोजच्या तोंडात होतं, आणि लिहायला बसलं की ते तोंडातून पळून माडीवरचं इंग्रजी यायचं.

मग दोघी बसल्या. आधी वैजयंतीनं मराठीतून मोठ्यानं सांगितलं, समोर ती पुण्याची बाईच बसलीय असं धरून. सांगितलं तसं, तेवढ्याच लांबीचं एकेक वाक्य इंग्रजीत. जो शब्द तिच्या तोंडात बसेना तो दीक्षानं काढायला लावला, कारण उद्या फोन आला तर तोच शब्द बोलायला लागणार. रिस्पेक्टेड सर-मॅडम गेलं, उत्तराखालचं त्या बाईचंच नाव वर आलं. विषयाच्या जागी पदाचं नाव आणि तिचं नाव. पहिल्याच ओळीत कुठल्या जागेसाठी लिहितेय आणि कुठं काम करते ते. आय निड वर्क ही सरांनी खोडलेली ओळ तिनं परत घातली.

"भिकाऱ्यागत वाटतं म्हणे," वैजयंती म्हणाली.

"वॉर्ड बंद होतोय, काम पाहिजे. ह्यात भीक कुठाय?"

फक्त सोबत एक ओळ जोडली, वॉर्ड कधी बंद होतोय त्याची, म्हणजे वाचणाऱ्याला ती कधीपासून येऊ शकते तेही कळावं.

मग वीरभद्रप्पा. अक्कलकोटकडचा हा म्हातारा चार तास कानडीतून अखंड बोलतो. वैजयंतीला कानडी निम्मंच कळतं. तिनं लिहिलं, ही टॉक्स इन कन्नडा ऑल फोर अवर्स. व्हेन ही स्टॉप्स टॉकिंग, आय चेक हिज प्रेशर. तो गप झाला की मी बीपी बघते. एकदा खरंच उतरत होतं. पाणी काढणं थांबवलं, डोकं खाली घेऊन पाय वर केले, डॉक्टरांना हाक मारली, त्यांनी सांगितल्यावर सलाईन सोडलं. थोड्या वेळानं तो परत बोलायला लागला, तो पांघरूण सरकून बेड गार पडला म्हणून. ही वॉज अँग्री विथ मी फॉर द कोल्ड बेड.

"गार बेडचं ठेवायचं का?" वैजयंतीनं विचारलं.

"तो खरंच चिडला होता ना?"

"लई चिडला व्हता. कानडीतनं आई काढली."

"आई काढू नको. गार बेड राहू दे."

आता ॲपला त्यांनी एवढंच सांगितलं की शब्द बदलू नको, चुका असतील तेवढ्या दाखव. त्यानं तीन-चार दाखवल्या, ह्यांनी सुधारल्या. एका जागी त्यानं पुन्हा टॉक्सच्या जागी कम्युनिकेट्स घालायला सुचवलं. "वीरभद्रप्पा कम्युनिकेट करत न्हाय, बडबडतो," म्हणून वैजयंतीनं ते उडवलं.

भांडण झालं ते शेवटच्या परिच्छेदावर. वैजयंतीनं लिहिलं होतं, मागच्या महिन्यात मी तुम्हाला जी गोष्ट पाठवली ती माझी नव्हती. माझा आजोबा जिवंत आहे. ती चूक माझी. पण नऊ जणींतल्या एकीचा आजोबा खरंच तसा गेला. तिची गोष्ट तिला न विचारता सगळ्यांना वाटली गेली. तुमचा विनोद तिनेही वाचला. तो तुम्ही करायला नको होता.

"हे काढ," दीक्षा म्हणाली. "माफी माग आणि गप बस. नोकरी मागतीस का जाब विचारतीस?"

"दोन्ही."

"दोन्ही मिळत नसतंय, बाई. ती मेल उघडून इथपर्यंत येईल आणि फेकून देईल. मग जा वैरागला भांगलायला."

"जाईन. लई बार भांगललंय. पण दीक्षा, ही वळ काढली तर मग ह्यो मेल माझा कसला? ग्वाड तेवढं माझं अन् कडू त्वांडातच ठेवायचं? मी वॉर्डात डॉक्टरला सुदीक त्वांडावर सांगते. ती बाई काय त्येच्या वर हाय का?"

दीक्षानं डबा बंद केला. "ऋतुजाला विचारलंस? सरांनी पण नव्हतं विचारलं तिला."

हे मात्र लागलं. वैजयंतीनं तिथल्या तिथं ऋतुजाला फोन लावला आणि ओळ न् ओळ वाचून दाखवली. मग ऋतुजा म्हणाली, "नाव घाला माझं. एकीचा म्हनू नका. ऋतुजाचा आज्जा म्हना. अन् ताई, खड्ड्याचं लिवू नका. ते मी लिवनार हाय."

नाव घातलं. खाली मोबाईल नंबर, सोबत सर्टिफिकेट आणि बायोडाटा, फाईलला तिचं नाव दिलेलं. मेल गेला.

पुढं दिवस गेले. वॉर्डातल्या दोन मशीनला घेणारा येऊन बघून गेला. वैजयंती मोबाईलकडं बघायची आणि दीक्षाकडं बघायची नाही.

फोन आला तो सकाळच्या पाळीत. पुण्याचा नंबर. वैजयंती दारापर्यंत आली, मशीनं दिसतील अशी उभी राहिली.

"तुमचा मेल वाचला," बाईचा आवाज, स्वच्छ, घाईतला. "कुणी लिहून दिला?"

एका खोट्या मेलनं हा प्रश्न कायमचा मागं लावला होता. वैजयंतीचा पारा चढला. "मीच लिवलाय. मैत्रीण शेजारी बसली व्हती. वाक्यं माझी हायत."

"बरं, मग इंग्लिशमध्ये सांगा. पेशंट बोलायचा थांबला. तुम्ही आधी काय बघितलं?"

वैजयंतीनं पाळी दिली. दीक्षाला देते तशी, बेड थ्रीपासून. बाईनं मध्ये दोनदा थांबवून विचारलं, तिनं तेवढंच सांगितलं. एका ठिकाणी शब्द अडला तर "वन मिनिट" म्हणून दुसरा शोधला. डायनॅमिक म्हणायची वेळ आली नाही.

"शेवटचा परिच्छेद जरा बोचरा आहे," बाई म्हणाली.

"बोचरा हाय, म्याडम. खोटा न्हाय."

पलीकडं टाइप केल्याचा आवाज आला. "आम्हाला नऊ सारखे मेल आले होते. तुम्ही आमच्या जागी असता तर हसला असता."

"हसले आसते. पर नऊ जणींस्नी लिवून कळवलं नसतं."

बाईनं माफी मागितली नाही. "सोमवारी सकाळी या. एक अख्खी पाळी आमच्या वॉर्डात काम करून दाखवावं लागेल. मग ठरेल. मूळ सर्टिफिकेटं आणा."

"अन् ऋतुजा?"

"तिला वेगळा मेल करायला सांगा. तिच्या शब्दांत. मी काही कबूल करत नाहीये."

"कबूल कोन करायला लावतंय? वाचा म्हंजे झालं."

फोन बंद झाला. आपलं आपण लिहिलं हे शाबीत करायला साक्षीदार लागतो, आणि दुसऱ्याचं छापलेलं पाठवताना कुणी विचारत नाही, हा कुठला न्याय, असं ती दीक्षाला सांगणार होती. पण दीक्षा दुपारी यायची होती. बेड दोनचं मशीन कोकलायला लागलं, तांबडा दिवा लागला. काशम्मानं झोपेत हात मुडपला होता.

"काशम्मा, हात सीदा! किती बार सांगायचं?" वैजयंती म्हणाली. तिनं हात धुऊन नवे मोजे चढवले, नळीला पडलेली घडी सोडवली, सुईवरची पट्टी बोटानं दाबून बघितली आणि मशीनचा भोंगा बंद केला.